नेहमीच्या ग्राहकापुढे मासिक रिटेनरचा प्रस्ताव कसा मांडावा

एखाद्या ग्राहकाकडून जवळपास दर महिन्याला काम येत असतं. दर वेळी तुम्ही कोटेशन पाठवता, तो मंजुरी देतो, काम होतं, बिल जातं आणि पैशांची वाट पाहणं सुरू होतं. पुढच्या कामाला पुन्हा हेच. यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे मासिक रिटेनर. ग्राहक महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम देतो आणि तुम्ही त्याच्यासाठी ठरावीक वेळ राखून ठेवता.

पहिल्यांदा रिटेनर मांडणारे बहुतेक जण प्रस्तावाची भाषा चार वेळा घासूनपुसून लिहितात, पण त्यातले तास आणि रक्कम अंदाजानेच टाकतात. पुढे रिटेनर मोडतो तो बहुतेक त्या अंदाजामुळे. म्हणून या लेखात आकडा कसा काढायचा यावर जास्त वेळ घालवला आहे. प्रस्ताव लिहिणं आणि ग्राहकाशी बोलणं हे भाग त्यानंतर येतात. उदाहरण एका ग्राफिक डिझायनरचं आहे, पण लेखन, भाषांतर, वेबसाइटची देखभाल, व्हिडिओ संपादन अशा कुठल्याही कामाला हीच पद्धत लागू पडते.

हा ग्राहक रिटेनरला योग्य आहे का?

तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे कामाची नियमितता. गेल्या बारा महिन्यांपैकी निदान नऊ-दहा महिन्यांत त्याच्याकडून काही ना काही काम आलेलं असावं. वर्षातून दोन-तीन मोठी कामं देणारा ग्राहक कितीही चांगला असला तरी त्याला रिटेनर विकू नका. चार महिने तो रिकामे पैसे भरेल आणि पाचव्या महिन्यात बंद करेल.

दुसरी गोष्ट पैसे देण्याची सवय. उशिरा पैसे देणाऱ्याला आगाऊ रकमेची सवय लागेल, या आशेवर बरेच जण रिटेनर सुचवतात. तसं होत नाही. बिल काम झाल्यावर जायचं तेव्हाही तो थकवत होता, आता काम होण्याआधी मागितलं तर आणखीच थकवेल. फरक इतकाच पडेल की तुम्ही वेळ राखून बसलेले असाल. अशा ग्राहकाशी आधी जुन्या पद्धतीतच पैशांची शिस्त लावून घ्या.

तिसरी गोष्ट म्हणजे काम देणारी व्यक्ती. तुमच्याशी बोलणाऱ्याला दरमहा खर्च मंजूर करण्याचा अधिकार आहे का? नसेल तर प्रस्ताव त्याच्या वरिष्ठाने वाचायचा आहे हे धरूनच लिहावा लागतो. ती व्यक्ती लवकरच नोकरी सोडणार असल्याचं कानावर असेल तर थांबा. नव्या माणसाचा पहिला उद्योग चालू खर्च कापणं हाच असतो.

जाता जाता एक सावधगिरी. एकाच ग्राहकाकडून तुमचं बहुतेक उत्पन्न येत असेल, कामाच्या वेळाही तोच ठरवत असेल, तर बऱ्याच देशांतले कायदे अशा माणसाला नोकरदार मानू शकतात. तुमच्याकडचा नियम एकदा जाणकाराला विचारून घ्या आणि करारात ठरावीक हजेरीच्या वेळा लिहू नका.

बारा महिन्यांचे तास कागदावर मांडा

आता आकड्याकडे. गेल्या बारा महिन्यांची या ग्राहकाची सगळी बिलं काढा आणि प्रत्येक महिन्यात किती तास काम झालं ते लिहा. बिल ठोक रकमेचं असेल आणि तासांची नोंद नसेल तर पाठवलेल्या फाइलींच्या तारखा, ईमेल आणि कॅलेंडर पाहून अंदाज करा. अर्ध्या तासाच्या फरकाने बिघडत नाही.

बिलात कधीच न आलेली कामं वेगळ्या रकान्यात लिहा. ‘फक्त लोगो थोडा मोठा करून द्याल का’, ‘ही फाइल दुसऱ्या आकारात हवी होती’, शिवाय अर्ध्या तासाचे फोन. या रकान्याची बेरीज पाहून धक्का बसेल, पण ती गुपचूप रिटेनरमध्ये मिसळू नका. आजवर फुकट मिळालेल्या गोष्टीचे पैसे अचानक लागू लागले की ग्राहकाला हिशेबातला वाढीव भाग लगेच दिसतो आणि बाकीच्या प्रस्तावावरही त्याचा संशय बसतो. यापुढे ही कामं तासांत धरायची असतील तर ते बोलताना उघड सांगा.

आपल्या डिझायनरचं उदाहरण घेऊ. तिचा ग्राहक ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतो. सोशल मीडियाच्या पोस्ट, अभ्यासक्रमांच्या स्लाइड, प्रमाणपत्रं, जाहिरातींच्या आकारातले बदल असं मिश्र काम. बिलात आलेले तास महिन्यांच्या क्रमाने असे होते: १४, २२, १८, ३१, ९, २०, २४, १६, ३८, १९, २१, २०. एकूण २५२ तास, म्हणजे महिन्याला सरासरी २१.

इथे लगेच ‘महिन्याला २१ तास’ लिहायचा मोह होतो. पण चौथा आणि नववा महिना नीट बघा. चौथ्या महिन्यातल्या ३१ तासांपैकी १२ तास एका माहितीपुस्तिकेला लागले होते. नवव्या महिन्यातल्या ३८ पैकी १७ तास नव्या अभ्यासक्रमाच्या पूर्ण दृश्य ओळखीला गेले. ही एकदाच होणारी कामं आहेत. ती पुन्हा येतीलच असं नाही, आणि आली तरी त्यांचं वेगळं कोटेशनच व्हायला हवं. म्हणून ती बाजूला काढायची.

उरलेले तास असे: १४, २२, १८, १९, ९, २०, २४, १६, २१, १९, २१, २०. एकूण २२३, सरासरी साडेअठराच्या थोडी वर. हा झाला या ग्राहकाचा खरा नियमित ओघ.

सरासरीच्या खाली बसा

आता सरासरी घेऊन १९ तासांचा रिटेनर ठरवला असता तर काय झालं असतं ते तपासू. बारापैकी चार महिन्यांत ग्राहकाने १९ पेक्षा कमी तास वापरले असते आणि त्या चार महिन्यांत मिळून १९ तास, म्हणजे पूर्ण एका महिन्याची रक्कम, वापराविना गेली असती. पाचव्या महिन्यात तर त्याने १९ तासांचे पैसे देऊन ९ तासांचं काम घेतलं असतं. हिशेब तपासणारा कुणीही माणूस त्या महिन्यात विचारणार, ‘आपण हे पैसे नेमके कशाचे देतो?’ रिटेनर बंद होतात ते अशाच रिकाम्या महिन्यात. कामाचा भार जास्त झाला म्हणून रिटेनर तोडलेला ग्राहक मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून आकडा असा निवडायचा की वर्षातल्या दोन, फार तर तीन महिन्यांतच वापर त्याच्या खाली जावा. आपल्या यादीत तो आकडा १६ आहे. १६ पेक्षा कमी काम फक्त दोन महिन्यांत झालं, १४ आणि ९ तासांचं. त्या दोन महिन्यांत मिळून ९ तास उरतात.

हे उरलेले तास पूर्ण बुडवले तर ग्राहक नाराज होतो, आणि पूर्ण पुढे ढकलले तर ते साचत जाऊन एखाद्या महिन्यात तुमच्या डोक्यावर पडतात. मधला मार्ग असा: महिन्याच्या तासांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश तास पुढच्या एकाच महिन्यात वापरता येतील, त्यानंतर ते संपतील. १६ चा चौथा हिस्सा म्हणजे ४ तास. पहिल्या महिन्यातले उरलेले २ तास दुसऱ्या महिन्याच्या २२ तासांत वापरले गेले. पाचव्या महिन्यात ७ उरले, त्यातले ४ सहाव्या महिन्यात वापरले गेले आणि ३ संपले. संपूर्ण वर्षात ग्राहकाचे वाया गेलेले तास तीनच.

रकमेत हे कसं दिसतं? तिचा तासाचा दर १०० धरू, चलन कुठलंही असो. जुन्या पद्धतीने या २२३ तासांचं वर्षाचं बिल २२,३०० होतं. रिटेनरचे १६ तास गुणिले १२ महिने म्हणजे १९,२००. पुढे आणलेले तास वजा करून वर्षभरात ३४ जादा तास लागले, त्यांचे ३,४००. एकूण २२,६००. ग्राहकाचा खर्च वर्षाला ३०० ने वाढला, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. डिझायनरच्या बाजूने पाहिलं तर २२,६०० पैकी १९,२०० कधी येणार हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठाऊक झालं. हे दोन वाक्यांतलं गणित पुढे ग्राहकासमोर बोलताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, म्हणून ते तुमच्या स्वतःच्या आकड्यांवर करून कागदावर ठेवा.

या निवडीची एक उणी बाजू आहे. १६ तासांवर बसल्यामुळे बारापैकी आठ महिन्यांत थोडं जादा बिल जाईल, दोन तासांपासून आठ तासांपर्यंत. काही ग्राहकांना दरमहा एकच रक्कम हवी असते, त्यांना हे खटकेल. तरी सुरुवात खालूनच करावी असं माझं ठाम मत आहे. तीन महिन्यांनी १६ चे १८ करणं दोघांनाही सोपं जातं. उलट १९ चे १६ करायला ग्राहकाने सुचवणं म्हणजे नात्यात आलेली कुरबूर.

दर आणि सवलतीचा प्रश्न

रिटेनर म्हणजे घाऊक खरेदी आणि घाऊक खरेदीला सवलत, हे समीकरण ग्राहकाच्या डोक्यात असतंच. दुर्दैवाने ते तुमच्याही डोक्यात असतं, आणि म्हणून बरेच जण न मागताच दहा-वीस टक्के कमी करून मोकळे होतात. २० टक्के सवलत म्हणजे आपल्या उदाहरणात वर्षाला ३,८४० कमी, म्हणजे अडतीस तास फुकट.

ग्राहकाला तुम्ही जे देत आहात ते जुन्या व्यवहारात नव्हतं. त्याचं काम रांगेत मागे पडणार नाही, ठरल्या दिवसांत सुरू होईल, आणि मधे कोटेशनचा खोळंबा नसेल. या गोष्टींची किंमत सवलतीच्या उलट दिशेला जाते. तेव्हा नेहमीचाच दर ठेवा. सवलत द्यायचीच झाली तर तिच्या बदल्यात काहीतरी घ्या. उदाहरणार्थ, तीन महिन्यांची रक्कम एकदम आगाऊ दिली तर पाच टक्के. काहीच न घेता दिलेली सवलत पुढच्या वर्षी तुमचा मूळ दर होऊन बसते.

जादा तासांना जास्त दर लावावा असाही सल्ला ऐकायला मिळतो. आपण आकडा मुद्दाम खाली ठेवला आहे, म्हणजे जादा तास बहुतेक महिन्यांत लागणारच. त्यांना चढा दर लावला तर तुम्ही खाली ठेवलेल्या आकड्याचा दंड ग्राहक भरेल. म्हणून जादा तासही त्याच दराने द्या. फरक इतकाच करा की राखीव तास हक्काचे असतील आणि जादा तास तुमच्या सवडीनुसार.

स्वतःची क्षमताही एकदा तपासा. महिन्याला तुमचे बिल करण्याजोगे तास शंभर असतील तर साठ-पासष्टपेक्षा जास्त तास रिटेनरमध्ये बांधू नका. सगळ्या ग्राहकांचे जादा तास एकाच महिन्यात येण्याची वेळ कधी ना कधी येते. शिवाय नव्या कामाला हात रिकामा हवा.

प्रस्ताव एका पानात

लांबलचक दस्तऐवज पाठवला तर तो कायदा पाहणाऱ्या विभागाकडे जातो आणि महिनाभर परत येत नाही. पहिला प्रस्ताव एका पानाचा आणि तीन महिन्यांच्या मुदतीचा ठेवा. आपल्या डिझायनरचं पान साधारण असं:

> काम: सोशल मीडिया पोस्ट, स्लाइड, प्रमाणपत्रं, जाहिरातींचे आकार आणि आधीच्या डिझाइनमधले बदल. कामाविषयीचे फोन आणि बैठकाही तासांत धरल्या जातील.
>
> यात नाही: ८ तासांपेक्षा जास्त लागेल असं कुठलंही एक काम, छपाईचा खर्च, विकत घ्यावी लागणारी छायाचित्रं आणि फॉन्ट. अशा कामाचं वेगळं कोटेशन दिलं जाईल.
>
> राखीव वेळ: दरमहा १६ तास. उरलेल्यांपैकी ४ तासांपर्यंत पुढच्या महिन्यात वापरता येतील. दोन्ही मिळून आलेल्या तासांत पुढे आणलेले तास आधी खर्च होतील.
>
> जादा तास: त्याच दराने, तुमच्या लेखी होकारानंतर, मला सवड असेल त्याप्रमाणे.
>
> काम कधी सुरू होईल: पूर्ण माहिती मिळाल्यापासून कामाच्या २ दिवसांत.
>
> काम कोण पाठवेल: तुमच्याकडून एक ठरलेली व्यक्ती.
>
> रक्कम: दरमहा १,६००. बिल आधीच्या महिन्याच्या २५ तारखेला, पैसे १ तारखेपर्यंत. रक्कम जमा झाल्यावर त्या महिन्याचं काम सुरू.
>
> मुदत: तीन महिने. त्यानंतर दोघांपैकी कुणीही ३० दिवस आधी कळवून थांबवू शकतं.

यातल्या दोन ओळींवर थोडं थांबतो, कारण त्याच सर्वाधिक वेळा गाळल्या जातात.

पहिली ओळ ८ तासांच्या मर्यादेची. ही नसेल तर एके दिवशी ‘रिटेनर आहेच, तर नवी वेबसाइटही त्यातच करून टाकू’ असा निरोप येतो. आठ तास म्हणजे महिन्याच्या राखीव वेळेचा अर्धा भाग. एकाच कामाने त्याहून जास्त वेळ खाल्ला तर नेहमीची कामं अडतात, आणि ग्राहकाला वाटतं की तुम्हीच दिरंगाई करता. मर्यादा आधीच लिहिलेली असली की मोठ्या कामाच्या वेळी नकार द्यावा लागत नाही, फक्त कोटेशन पाठवावं लागतं.

दुसरी ओळ एका ठरलेल्या व्यक्तीची. प्रकल्पागणिक बिल असताना प्रत्येक काम मंजूर होऊनच यायचं. रिटेनर सुरू झाला की ग्राहकाच्या कार्यालयात बातमी पसरते की ‘डिझायनर आपली आहे, पाठवा तिला’, आणि तीन विभागांतून तीन जण ‘तातडीचं’ काम पाठवू लागतात. त्यांना एकमेकांच्या तासांचा पत्ता नसतो. दहा तारखेला तास संपतात आणि दोष तुमच्यावर येतो. एकाच व्यक्तीकडून काम आलं तर कुठलं काम आधी हे भांडण त्यांच्या घरातच मिटतं.

तासांऐवजी कामांची संख्या लिहिता येईल का? ‘महिन्याला १२ पोस्ट आणि ४० स्लाइड’ असं? कामं एकसारखी असतील तर जरूर, आणि तुम्ही वेगाने काम करत असाल तर तुमच्या फायद्याचंही. मिश्र कामाच्या ग्राहकाकडे पहिल्या तीन महिन्यांत मात्र तासच ठेवा. कुठल्या कामाला खरोखर किती वेळ जातो याची नोंद त्यातून तयार होते, आणि पुढे संख्येवर जायचं झालं तर ती हाताशी असते.

बोलायचं कधी आणि कसं

चांगली वेळ म्हणजे एखादं काम नुकतंच व्यवस्थित पार पडलेलं आणि पुढचं अजून सुरू न झालेलं. थकलेल्या बिलाचा विषय चालू असताना किंवा ग्राहक घाईत असताना हा मुद्दा काढू नका. त्यांचं वार्षिक बजेट ठरण्याच्या महिनाभर आधीचा काळ असेल तर उत्तमच.

आधी बोला, पान नंतर पाठवा. न बोलता आलेला प्रस्ताव दरवाढीच्या पत्रासारखा वाचला जातो. बोलण्यासाठी वेळ मागणारा निरोप छोटा असू द्या:

> नमस्कार मॅडम,
> प्रमाणपत्रांच्या अंतिम फाइल काल पाठवल्या आहेत.
> गेल्या वर्षभरातल्या आपल्या कामाचा आढावा घेत होते. मोठी दोन कामं सोडली तरी दर महिन्याला तुमचं काही ना काही काम असतंच, आणि प्रत्येक वेळी कोटेशन आणि मंजुरीत आपले दोघींचेही दिवस जातात. त्याऐवजी दरमहा ठरावीक तास तुमच्यासाठी राखून ठेवले तर सोयीचं होईल असं वाटतं. वर्षाचे आकडे मांडून ठेवले आहेत. या आठवड्यात वीस मिनिटं बोलता येईल का?

यात रक्कम लिहिलेली नाही, आणि तुम्हाला स्थिर उत्पन्न हवं आहे असंही कुठे म्हटलेलं नाही. ते खरं असलं तरी ग्राहकाने त्यासाठी पैसे का द्यावेत? बोलतानाही सुरुवात त्याच्याच बारा महिन्यांपासून करा. तासांची यादी दाखवा, मोठी कामं का वगळली ते सांगा, मग १६ चा आकडा आणि वर्षाच्या खर्चातला फरक. स्वतःचीच बिलं समोर पाहिल्यावर ग्राहक आकड्यावर वाद घालत नाही. तो अटींवर प्रश्न विचारतो, आणि बोलणं पुढे सरकल्याची ती खूण असते.

प्रश्न ठरलेले असतात. ‘एखाद्या महिन्यात कामच नसलं तर?’ याला उत्तर म्हणून पाचवा महिना दाखवा: ९ तासांचंच काम होतं, ४ तास पुढे गेले, ३ बुडाले, आणि वर्षभरात तेवढेच बुडाले. ‘दर कमी करणार ना?’ यावर म्हणा, ‘दर तोच ठेवलाय, कारण आता तुमचं काम दोन दिवसांत हातात घेण्याची जबाबदारी माझ्यावर आली. तीन महिन्यांची रक्कम एकदम देणार असाल तर पाच टक्के कमी करता येतील.’ एवढं बोलून गप्प बसा. पुढे स्पष्टीकरणं देत राहिलात की सवलत तुमच्याच तोंडून वाढत जाते.

‘आम्हाला विचार करायला वेळ हवा’ असं आलं तर घाई करू नका, पण तोपर्यंतची कामं जुन्याच पद्धतीने, कोटेशन देऊनच करा. रिटेनरच्या अटी लागू झाल्यासारखं लगेच काम हातात घ्यायला लागलात तर ग्राहकाला होकार देण्याचं कारणच उरत नाही. नकार आला तरी बिघडलेलं काही नाही. आकडे तयार आहेत, सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात सर्वांत नाजूक तारीख १ असते. बिल २५ तारखेला गेलं, १ तारीख उलटली, पैसे आलेले नाहीत, आणि ३ तारखेला पहिलं काम आलं. इथे ‘जाऊ दे, करून देते’ म्हटलं की आगाऊ रकमेची अट त्याच दिवशी संपते. भांडायची गरज नाही. ‘काम मिळालं, यादीत घेतलं आहे. या महिन्याची रक्कम जमा झाली की लगेच सुरू करते’ एवढा निरोप पुरतो. बहुतेक वेळा पैसे विसरण्यामुळेच अडलेले असतात.

तासांची नोंद रोज करा, पंधरा मिनिटांच्या पटीत. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेली नोंद खरी वाटत नाही आणि असतही नाही. ग्राहकाला मात्र रोजचा तपशील पाठवू नका, नाहीतर तो प्रत्येक पाव तासावर बोलू लागेल. दोनच निरोप पुरेसे आहेत. एक, १६ पैकी १२ तास झाले की: ‘या महिन्याचे ४ तास उरलेत. यादीत तीन कामं आहेत, त्यांना साधारण ७ तास लागतील. कुठली आधी करू, की ३ जादा तास धरू?’ दुसरा, महिनाअखेरीला चार ओळींचा हिशेब: कोणत्या प्रकारच्या कामाला किती तास, किती उरले, किती पुढे गेले. हाच हिशेब ग्राहकाच्या कार्यालयात तुमच्या बाजूने बोलतो, कारण तिथे रक्कम मंजूर करणाऱ्याने तुमचं काम बहुधा पाहिलेलंच नसतं.

बिघाडाची चिन्हं लवकर दिसतात, फक्त ती ओळखता यायला हवीत. सलग दोन महिने काम निम्म्याहून कमी आलं तर ग्राहक गप्प आहे म्हणून तुम्हीही गप्प राहू नका. तो बाहेर पडायच्या विचारात असतो. स्वतःहून फोन करून १६ चे १२ करायचे का ते विचारा. कमी झालेला रिटेनर बंद पडलेल्या रिटेनरपेक्षा बरा. उलट चिन्ह म्हणजे महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांतच सगळे तास संपणं. तसं दोनदा झालं तर एक तर आकडा लहान आहे किंवा लहान तुकडे करून मोठं काम आत येतं आहे. कामांची यादी एकत्र पाहिली की कळतं. दहा स्वतंत्र ‘छोटे बदल’ जर एकाच नव्या अभ्यासक्रमाचे असतील तर ते एकच काम आहे, आणि त्याला ८ तासांची मर्यादा लागू होते.

आणखी एक प्रकार असतो, महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत सगळं काम एकदम पाठवण्याचा. तास संपून जाऊ नयेत या भीतीने ग्राहक असं करतो, त्यात त्याची लबाडी नसते. पुढच्या महिन्यापासून १५ तारखेला त्याला उरलेले तास कळवत जा, आणि २५ तारखेनंतर आलेलं काम पुढच्या महिन्यात धरलं जाईल हे अटींत घाला.

तिसऱ्या महिन्याच्या मध्यावर आढाव्याची बैठक ठेवा, मुदत संपायची वाट पाहू नका. बैठकीला तीन महिन्यांचे हिशेब घेऊन जा. आपल्या डिझायनरचे पहिले दोन महिने १८ आणि २० तासांचे गेले आणि तिसराही तसाच चालला असेल, तर १८ तासांचा प्रस्ताव पुढच्या सहा महिन्यांसाठी मांडायला हरकत नाही. वापर १६ च्या आसपास घुटमळत असेल तर आकडा तसाच ठेवा. दरवाढीचा विषय मात्र या बैठकीत आणू नका, तो वर्षपूर्तीला. दर आणि तास एकदम वाढले तर रक्कम किती आणि का वाढली हे ग्राहकाला वेगळं करता येत नाही.

आणि ग्राहकाने थांबायचं ठरवलं तर ३० दिवसांची नोटीस चालू असताना उरलेले सगळे तास वापरायला त्यालाच सुचवा. मूळ फाइल, फॉन्टची यादी आणि अर्धवट कामांची स्थिती एका फोल्डरमध्ये देऊन शेवटचा हिशेब पाठवा. त्यापुढचं काम पुन्हा कोटेशनवर, त्याच जुन्या दराने.